कमिटीत ४-४ झालं, चेअरमननी दोनदा मत दिलं : मिनिट्समध्ये काय लिहायचं?

प्रश्न : आमची ११ जणांची कमिटी. मागच्या मीटिंगला ९ जण हजर होते. बी विंगच्या लिफ्टचं काम एका व्हेंडरला द्यायच्या ठरावावर ४ बाजूने, ४ विरोधात, एक जण तटस्थ. चेअरमननी आधीच बाजूने हात वर केला होता, तरी परत कास्टिंग व्होट देऊन ठराव पास केला. असं दोनदा मत देता येतं का? मी सेक्रेटरी आहे, मिनिट्समध्ये नक्की काय लिहू? विरोधातले दोघं म्हणतायत आम्ही मिनिट्सवर सहीच करणार नाही.

उत्तर :

हो, देता येतं. हाउसिंग सोसायटीत चेअरमनला मेंबर म्हणून स्वतःचं एक मत असतं आणि मतं समसमान पडली तर वरून एक निर्णायक मत असतं, म्हणजे तुमच्या चेअरमननी काही चुकीचं केलेलं नाही. पण ते बरोबर होतं हे सहा महिन्यांनी तिसऱ्या माणसाला कळणार आहे फक्त तुमच्या मिनिट्सवरून, आणि गेली बावीस वर्षं सोसायट्यांची दफ्तरं बघतोय त्यावरून सांगतो, गडबड मत देण्यात क्वचित होते, बहुतेक वेळा ती लिहिण्यात होते.

आधी हे मत येतं कुठून ते बघू, कारण विरोधातले लोक पहिला प्रश्न हाच विचारणार. खुर्चीवर बसला म्हणून आपोआप जास्तीचं मत मिळतं असं नसतं. कुठल्यातरी नियमात ते दिलेलं असावं लागतं, नसेल दिलेलं तर समसमान मतं म्हणजे ठरावाला बहुमत मिळालं नाही, ठराव पडला, विषय संपला. आपल्याकडे ते दिलेलं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २७ मध्ये एका सभासदाला एकच मत असं सांगून लगेच पुढे परंतुक आहे की समसमान मतं पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत राहील. सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्येही मतदानाच्या ठिकाणी हेच आहे. तुम्ही तुमच्या सोसायटीच्या मंजूर उपविधींचं पुस्तक काढा (गुगलवरचं नको, तुमचं स्वतःचं, रजिस्ट्रारचा शिक्का असलेलं), त्यातला तो उपविधी शोधा आणि त्याचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. वेगवेगळ्या सालच्या उपविधींत क्रमांक बदललेत, त्यामुळे शेजारच्या सोसायटीचा क्रमांक उचलून लिहू नका.

लोकांचा गोंधळ होतो तो विधानसभेमुळे. टीव्हीवर ऐकलेलं असतं की अध्यक्ष मतदान करत नाही, फक्त टाय झाली तरच करतो. ते तिथे खरंच तसं आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९ मध्ये स्पष्ट म्हटलंय की सभापती किंवा अध्यक्ष पहिल्यांदा मत देणार नाही, मतं समसमान झाली तर मात्र निर्णायक मत देईल. संसदेसाठी अनुच्छेद १०० मध्ये तेच. पण सहकार कायद्यात ‘पहिल्यांदा मत देणार नाही’ असं कुठेच म्हटलेलं नाही. चेअरमन हा आधी कमिटीचा मेंबर आहे, त्याचं साधं मत कुणी काढून घेतलेलं नाही. म्हणून इथे दोन मतं होतात, तिथे एकच. आणि हेच जर तुमचं सांस्कृतिक मंडळ किंवा ट्रस्ट असतं तर मी म्हणालो असतो आधी मंडळाची घटना उघडा, त्यात निर्णायक मताचं कलम आहे का बघा, नसेल तर अध्यक्षांनी दुसऱ्यांदा दिलेलं मत धरता येणार नाही. माझी बहीण अमेरिकेत एका मराठी मंडळाच्या कमिटीवर आहे, त्यांच्याकडे मीटिंगा रॉबर्ट्स रूल्सप्रमाणे चालतात, तिथे टाय झाली की ठराव सरळ पडतो, अध्यक्षाला दुसरं मत हा प्रकारच नाही. ती आमच्या सोसायटीचे किस्से ऐकून दर वेळी विचारते की एका माणसाला दोन मतं कशी, आणि मी दर वेळी सांगतो की उपविधीत लिहिलंय म्हणून.

आता तुमची टाय खरंच टाय होती का ते तपासा. हे मी प्रत्येकाला करायला लावतो कारण निम्म्या वेळा इथेच काहीतरी निघतं. कमिटी ११ ची, म्हणजे कोरम ६, तुमच्याकडे ९ होते, ठीक. पण ९ सह्या हजेरीत आहेत म्हणून मतदानाच्या वेळी ९ जण खोलीत होतेच असं नाही. एखादा सही करून अर्ध्या तासात निघून गेलेला असतो, एखादा उशिरा आलेला असतो. कुणी फोनवरून ‘माझं पण हो समजा’ म्हटलेलं मत मोजलं असेल तर ते काढून टाका, मत स्वतः हजर राहूनच द्यायचं असतं, प्रॉक्सी चालत नाही. पगारी मॅनेजर मीटिंगला बसत असेल आणि उत्साहाने त्यानेही हात वर केला असेल तर तेही नाही. आणि चेअरमनचं पहिलं मत त्या ४ मध्ये धरलेलं आहे का हे नक्की करा. धरलेलं नसेल तर खरी मोजणी ५-४ अशी होते, मग टाय झालीच नाही आणि कास्टिंग व्होटचा प्रश्नच उरत नाही. तुम्ही लिहिलंय की त्यांनी आधी हात वर केला होता, म्हणजे बाकीचे तिघं आणि ते मिळून ४, असं मी धरून चालतोय.

तटस्थ राहिलेला जो एक आहे, तो का तटस्थ राहिला हेही विचारून घ्या. नुसतंच ठरत नव्हतं म्हणून राहिला असेल तर ठीक, ‘तटस्थ १’ एवढंच पुरे. पण त्या व्हेंडरशी त्याचं काही नातं किंवा व्यवहार असेल म्हणून बाजूला राहिला असेल तर ते एका ओळीत मिनिट्समध्ये यायला हवं, ते त्याच्याच हिताचं आहे. आणि तेच नातं जर चेअरमनचं असेल तर मात्र थांबा. ज्या कॉन्ट्रॅक्टमध्ये कमिटी मेंबरचा हितसंबंध आहे त्यावर त्याने पहिलंही मत द्यायला नको, दुसरं तर नकोच, त्या विषयापुरतं खुर्चीवरून उठून दुसऱ्याला सभा चालवायला द्यायची.

आणखी एक. कास्टिंग व्होट टाय सोडवतं, कमिटीला नसलेला अधिकार मिळवून देत नाही. लिफ्टचं काम मोठ्या रकमेचं असतं, कमिटीला स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर किती खर्च करता येतो याची मर्यादा उपविधीत असते. तुमच्या सर्वसाधारण सभेने आधी या कामाला आणि रकमेला मंजुरी दिलेली असेल आणि कमिटीने फक्त व्हेंडर निवडायचा असेल तर सगळं नीट बसतं. तशी मंजुरी नसेल तर ४-४ काय आणि ११-० काय, ठराव तसाही टिकणार नाही. त्याच चालीवर, जिथे कायदा साध्या बहुमतापेक्षा जास्त मागतो तिथेही निर्णायक मताचा उपयोग नाही. उपविधी बदलायला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, रिडेव्हलपमेंटला २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्के लागतात, तिथे मतं समसमान पडली याचा अर्थच प्रस्तावाला पुरेसं बळ नाही. आणि निवडणुकीत दोन उमेदवारांना सारखी मतं पडली तर तिथे साधारण चिठ्ठी काढतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत वॉर्ड २२० मध्ये दोन उमेदवार बरोबरीत सुटले आणि शेवटी चिठ्ठीवर नगरसेवक ठरला, तो निकाल अनेकांना आठवत असेल.

आता क्रम. निर्णायक मत हे टाय झाल्यावरच जन्माला येतं, त्यामुळे आधी टाय जाहीर व्हायला हवी. म्हणजे मोजणी, मग चेअरमननी मोठ्याने सांगायचं की बाजूने ४, विरोधात ४, तटस्थ १, मतं समसमान झाली आहेत. मग म्हणायचं की मी माझं निर्णायक मत अमुक बाजूला देतो. मग निकाल जाहीर करायचा. हे तिन्ही त्याच बैठकीत, त्याच विषयावर, पुढचा विषय घ्यायच्या आधी. मी असे चेअरमन बघितलेत जे म्हणतात, ‘विचार करून उद्या ग्रुपवर सांगतो.’ उद्या ते मत राहत नाही. बैठकीत दिलं नाही म्हणजे दिलं नाही, ठराव नामंजूर. देणं बंधनकारक आहे का, असं बऱ्याचदा विचारतात. सोसायटीच्या बाबतीत मी तरी असंच सांगतो की हा अधिकार आहे, चेअरमनला वापरायचा नसेल तर त्याने तसं स्पष्ट म्हणावं आणि ठराव बहुमताअभावी नामंजूर झाला असं जाहीर करावं, गप्प बसून विषय लोंबकळत ठेवू नये. आणि चेअरमन गैरहजर असताना मेंबरांनी त्या बैठकीपुरता ज्याला अध्यक्ष निवडलं त्याच्याकडे हा अधिकार येतो, पण मग त्याची निवड मिनिट्सच्या सुरुवातीला सूचक-अनुमोदकासकट लिहिलेली हवी, नाहीतर खाली त्याचं दुसरं मत हवेत तरंगतं.

कुठल्या बाजूने द्यावं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विरोधातले दोघं नक्की उकरून काढतील. इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये स्पीकर डेनिसन यांनी १८६७ मध्ये एक तत्त्व घालून दिलं, ते आजही सांगितलं जातं. ढोबळमानाने असं, की जिथे बहुमत नाही तिथे अध्यक्षाने आपल्या मताने नवीन निर्णय लादू नये, पुढे चर्चेला वाव असेल तर तो ठेवावा, नाहीतर आहे तीच स्थिती राहू द्यावी. संसदीय परंपरेत याला वजन आहे, पण सोसायटीच्या चेअरमनवर ते कायद्याने बंधनकारक नाही, तो कुठल्याही बाजूने मत देऊ शकतो. मला स्वतःला हे तत्त्व पटतं. अर्ध्या कमिटीला नको असलेलं रंगकाम किंवा नवीन गेट एका माणसाच्या दुसऱ्या मताने करून टाकलं की पुढची दोन वर्षं प्रत्येक मीटिंगला त्याची किंमत मोजावी लागते, अशा वेळी चेअरमनने विरोधात मत द्यावं आणि पुढच्या मीटिंगला सुधारित ठराव आणावा. पण तुमची केस वेगळी वाटते. लिफ्ट करायची हे सर्वसाधारण सभेने आधीच ठरवलेलं असेल तर ‘आहे ती स्थिती’ म्हणजे काय? बी विंगचे लोक जिने चढत राहणार? तिथे ठराव पाडणं म्हणजे सभेने घेतलेला निर्णय कमिटीने अडवून धरणं होतं, त्यामुळे तुमच्या चेअरमननी बाजूने दिलेलं मत मला समजण्यासारखं वाटतं. त्यांना हे कारण मिनिट्समध्ये यावं असं वाटत असेल तर एक वाक्य घालता येईल, पण ते बैठकीत खरंच बोलले असतील तरच. नंतर सुचलेलं कारण मिनिट्समध्ये घालायचं नाही.

आता लिहायचं कसं. आधी चुकीचं कसं लिहितात ते सांगतो.

सगळ्यात जास्त दिसणारं वाक्य म्हणजे ‘ठराव ५ विरुद्ध ४ मतांनी बहुमताने मंजूर’. तुमच्याच केसमध्ये हे लिहून बघा. ५ आणि ४ मिळून ९, हजेरीत सह्याही ९, बेरीज छान जुळते आणि म्हणूनच ते घातक आहे, कारण तटस्थ राहिलेला माणूस त्यातून गायब झाला. उद्या तो म्हणणार मी मतच दिलं नाही तर पाचवं मत कुणाचं, आणि वाचणाऱ्याला वाटणार की त्याने बाजूने दिलं. चेअरमनचं दुसरं मत त्याच्या नावावर गेलं.

याच्या उलटा प्रकार एका सोसायटीत झाला होता, मी तिथे नंतर दफ्तर लावायला गेलो होतो. हजर ८, मतं ४-४, चेअरमननी निर्णायक मत दिलं, सेक्रेटरीने सवयीने ‘५ विरुद्ध ४ ने मंजूर’ लिहिलं. निर्णय अगदी बरोबर होता. पण पाच अधिक चार नऊ आणि हजेरीत सह्या आठ. विरोधातल्या लोकांनी ते पान झेरॉक्स काढून तक्रारीला जोडलं की गैरहजर मेंबरचं फोनवरून मत घेतलंय. खजिनदाराने चेकवर सही करायची थांबवली, काम झालेलं होतं तरी बिल कित्येक महिने अडकलं, आणि शेवटी सगळ्यांना लेखी खुलासे द्यावे लागले की ते नववं मत चेअरमनचंच होतं. ‘अध्यक्षांनी निर्णायक मत दिले’ हे चार शब्द त्या पानावर असते तर तक्रारीत दमच राहिला नसता.

तिसरं चुकीचं वाक्य म्हणजे ‘चर्चेअंती अध्यक्षांच्या निर्णयानुसार ठराव मंजूर’. यात आकडेच नाहीत. हे वाचून वाटतं की मतदान झालंच नाही, चेअरमननी एकट्याने ठरवलं. आणि ‘सर्वानुमते’ हा शब्द तर हाताला इतका बसलेला असतो की लोक जुन्या मिनिट्सवरून कॉपी करताना टाय झालेल्या ठरावालाही तो लावून मोकळे होतात, तेवढं बघा.

तुमच्या ठरावाचा मजकूर मी असा लिहीन. रिकाम्या जागा तुम्ही भरा :

> विषय क्र. ४ : बी विंग लिफ्ट दुरुस्तीचे काम देणे
>
> ठराव : दि. ____ च्या सर्वसाधारण सभेने मंजूर केलेले बी विंग लिफ्टचे दुरुस्तीचे काम, प्राप्त कोटेशनपैकी अ. क्र. __ मे. ________ यांना रु. ________ या दराने देण्यात यावे.
>
> सूचक : ________ अनुमोदक : ________
>
> ठरावावर हात वर करून मतदान घेण्यात आले. मतदानाच्या वेळी उपस्थित समिती सदस्य : ९. ठरावाच्या बाजूने ४ (अध्यक्षांचे सदस्य म्हणून दिलेले मत धरून), विरोधात ४, तटस्थ १.
>
> मते समसमान पडल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले. उपविधी क्र. ____ नुसार अध्यक्षांनी आपले निर्णायक मत ठरावाच्या बाजूने दिले.
>
> ठराव अध्यक्षांच्या निर्णायक मताने मंजूर झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले.

बघा यात काय केलंय. ४, ४ आणि १ मिळून ९, हजेरीशी बेरीज जुळली. निर्णायक मत त्या बेरजेत मिसळलेलं नाही, वेगळ्या वाक्यात आहे. कंसातल्या शब्दांमुळे चेअरमननी पहिलं मत दिलं होतं हे लपवलेलं नाही, आणि ते लपवायचं काही कारणही नाही, कारण त्यांना तो हक्क आहे. आणि शेवटी निकाल ‘बहुमताने’ म्हटलेला नाही, ‘निर्णायक मताने’ म्हटलाय. कोणी कितीही खोडसाळपणे वाचलं तरी यात दुसरा अर्थ निघत नाही.

चेअरमननी मत विरोधात दिलं असतं तर शेवटची दोन वाक्यं तेवढी बदलली असती, ‘निर्णायक मत ठरावाच्या विरोधात दिले, ठराव नामंजूर झाल्याचे जाहीर केले’. आणि दिलंच नसतं तर ‘अध्यक्षांनी निर्णायक मताचा वापर केला नाही, ठराव बहुमताअभावी नामंजूर झाला’. ‘विषय तहकूब’ असं लिहायचं नाही, तहकूब करायला वेगळा निर्णय लागतो. टाय झालेला ठराव आपोआप पुढच्या मीटिंगला जात नाही, परत घ्यायचा असेल तर पुढच्या अजेंड्यावर नव्याने यावा लागतो.

कोणी कुठे मत दिलं ती नावं लिहायची का? एरवी गरज नाही, आकडे पुरतात. पण एखाद्याने ‘माझा विरोध नावानिशी नोंदवा’ म्हटलं तर नोंदवा, टाळाटाळ करू नका. कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी सगळ्या कमिटी मेंबरांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकपणेही येते, म्हणून विरोध केल्याची लेखी नोंद हे त्या माणसाचं संरक्षण असतं. टाय झालेल्या ठरावात तर मी स्वतःहून विचारतो, ‘विरोधातल्यांपैकी कुणाला नाव घालायचंय का?’ म्हणजे नंतर कुणी म्हणत नाही की आमचा आवाज दाबला. नाव आणि हवं तर एका वाक्यात कारण, बस्स. कोण काय बोललं, कोण कुणावर ओरडलं, हे मिनिट्सचं काम नाही.

आणि तुमच्या त्या दोघांच्या सहीचं कोडंही इथेच सुटतं. त्यांचा समज असा आहे की मिनिट्सवर सही म्हणजे निर्णयाला संमती. तसं नाही. सही म्हणते की बैठकीत जे घडलं ते इथे बरोबर उतरलंय. त्यांना हा मजकूर दाखवा, त्यात त्यांचा विरोध आकड्यात आहे, म्हणतील तर नावानिशी घाला, मग सांगा की आता हे कागदावर राहण्यातच तुमचा फायदा आहे. माझा अनुभव आहे की दहापैकी आठ वेळा माणूस सही करतो. तरीही नाहीच केली तर अडून बसू नका. हजेरीच्या त्यांच्या सह्या आहेतच. पुढच्या मीटिंगला मागचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा विषय येतो, तिथे त्यांनी आक्षेप घेतला तर आक्षेप काय आहे ते बघा. आकडा चुकलाय असं म्हणत असतील तर तपासून दुरुस्त करा. निर्णयच चुकलाय असं म्हणत असतील तर ती दुरुस्ती होत नाही, इतिवृत्त कायम करताना मागच्या ठरावावर परत मतदान घेता येत नाही. त्यांना ठराव बदलायचा असेल तर रीतसर नवीन विषय द्यावा. आणि हो, मजेशीर वाटेल पण इतिवृत्त कायम करण्यावरच ४-४ झालेलंही मी पाहिलंय. तिथेही चेअरमनला निर्णायक मत आहे, पण मी त्यांना सांगतो की नुसतं मत देऊन उरकू नका, आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं दोन ओळींत नोंदवून घ्या आणि मगच कायम करा, कारण वाद निर्णयाचा असतो आणि भांडण लिहिण्यावर निघालेलं असतं.

तुम्ही अजून पुस्तकात लिहिलं नसेल तर आज संध्याकाळीच लिहा, मतदानाची तुमची कच्ची टिपणं (ज्या कागदावर तुम्ही रेघा मारून मोजलं असेल तो) फेकू नका, इतिवृत्त कायम होईपर्यंत फाइलला लावून ठेवा. आणि आधीच ‘५ विरुद्ध ४’ असं लिहून बसला असाल तर व्हाइटनर अजिबात लावू नका, पान फाडू नका. इतिवृत्त अजून कायम झालं नसेल तर त्या ओळीवर वाचता येईल अशी एकच रेघ मारा, वर बरोबर मजकूर लिहा, बाजूला तुमची आणि चेअरमनची छोटी सही आणि तारीख घाला, आणि पुढच्या मीटिंगला इतिवृत्त वाचताना ही दुरुस्ती केल्याचं मोठ्याने सांगा, म्हणजे त्या मीटिंगच्या मिनिट्समध्येही तिची नोंद येईल.